वॉशिंग मशीनच्या ड्रॉवरमधले तीन कप्पे: कशात काय घालायचे आणि अदलाबदल झाली तर काय होते

‘मशीन सॉफ्टनर ओढतच नाही’, ‘पावडर तशीच राहते’, ‘काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे येतात’. या तीन तक्रारींसाठी कोणी घरी बोलावले की मी मशीन मागून उघडत नाही, आधी पुढचा ड्रॉवर बाहेर ओढतो. पुष्कळदा मशीन ठणठणीत असते. पावडर भलत्या कप्प्यात असते, नाहीतर सॉफ्टनरच्या कप्प्यात निळसर चिकट साय जमलेली असते. समजावून सांगितले तरी दोन महिन्यांनी त्याच घरातून पुन्हा फोन येतो, कारण ‘डावीकडे हे, उजवीकडे ते’ एवढेच लक्षात राहिलेले असते. म्हणून इथे जागा पाठ करायला न सांगता, कोणता कप्पा केव्हा रिकामा होतो ते आधी सांगतो. ते कळले की पुढचे बरेचसे आपोआप बसते.

हे सगळे समोरून दार असलेल्या, म्हणजे फ्रंट लोड मशीनबद्दल आहे. वरून कपडे टाकायच्या मशीनमधली सोय वेगळी असते.

## आधी हे पाहा: कप्प्यातले केव्हा जाते

ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याच्या खोबणीत वर पाहा. प्लास्टिकचे छत दिसेल आणि त्याला ओळीने बारीक भोके असतील. नळाचे पाणी मागच्या व्हॉल्व्हमधून या छतात येते, भोकांतून कप्प्यात पडते आणि पावडर सोबत घेऊन खाली ड्रममध्ये जाते. पाणी एका वेळी सगळ्या कप्प्यांत पडत नाही. धुलाईच्या ज्या टप्प्याला जो कप्पा नेमलेला असतो, त्यावरच त्या वेळी पाणी सोडले जाते.

बऱ्याच मशीनमध्ये यासाठी दोनच व्हॉल्व्ह असतात. एक उघडला की पाणी प्री-वॉशच्या, म्हणजे मुख्य धुलाईआधीच्या छोट्या धुलाईच्या कप्प्यात, दुसरा उघडला की मुख्य धुलाईच्या कप्प्यात. दोन्ही एकदम उघडले की दोन धारा एकमेकींवर आदळतात आणि पाणी मधल्या, म्हणजे सॉफ्टनरच्या कप्प्यात पडते. पुष्कळ ड्रॉवरमध्ये सॉफ्टनरचा कप्पा मधोमध असतो तो यामुळेच.

आता क्रम पाहा. प्री-वॉश निवडले असेल तर पहिले पाणी प्री-वॉशच्या कप्प्यातून येते. कपडे पंधरा-वीस मिनिटे घुसळले जातात आणि ते सगळे पाणी साबणासकट गटारात जाते. मग मुख्य धुलाईच्या कप्प्यातून नवे पाणी येते आणि खरी लांब धुलाई सुरू होते. त्यानंतर खळबळण्याची दोन-तीन पाणी होतात. शेवटच्या पाण्याला सॉफ्टनरचा कप्पा रिकामा होतो आणि त्यानंतर साबण धुऊन काढणारे एकही पाणी येत नाही, थेट पिळणे.

प्री-वॉश निवडलेच नाही, तर त्या कप्प्याची पाळी येत नाही. त्यात पावडर घातली तर ती धुलाईला मिळत नाही.

## टप्पा १: आपल्या ड्रॉवरमधले कप्पे ओळखा

खुणा बहुतेक सगळीकडे सारख्या असतात. टबाच्या चित्रात एक उभी रेघ, किंवा रोमन एक, म्हणजे प्री-वॉश. दोन उभ्या रेघा, किंवा रोमन दोन, म्हणजे मुख्य धुलाई. फूल म्हणजे सॉफ्टनर, ज्याला बाटलीवर फॅब्रिक कंडिशनर असेही लिहिलेले असते.

घोळ होतो तो इथे. आपण डावीकडून वाचतो, त्यामुळे डावा कप्पा पहिला, म्हणजे एक रेघेचा असणार असे मन धरून चालते. प्रत्यक्षात पुष्कळ मशीनमध्ये दोन रेघा डावीकडे, फूल मध्ये आणि एक रेघ उजवीकडे असते. काही मशीनमध्ये याच्या उलट मांडणी असते. म्हणून शेजारणीच्या मशीनवरून किंवा आपल्या जुन्या मशीनवरून अंदाज बांधू नका, खूण बघा.

खुणा पुसल्या असतील तरी कप्पे ओळखता येतात. ज्या कप्प्यात काढता येणारे झाकण किंवा टोपी आहे, तिच्याखाली एक छोटी उभी नळी आहे आणि आत ‘मॅक्स’ची रेघ आहे, तो सॉफ्टनरचा. त्यात चूक होणार नाही, कारण अशी नळी दुसऱ्या कोणत्याही कप्प्याला नसते. उरलेल्या दोहोंत जो मोठा तो बहुधा मुख्य धुलाईचा. त्याच कप्प्यात कधी कधी वर-खाली होणारी एक छोटी फळी असते, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

खात्री करा: मशीन रिकामे ठेवा, ड्रॉवर पुसून कोरडा करा, पावडर घालू नका. प्री-वॉश बंद ठेवून कॉटनचा साधा प्रोग्रॅम सुरू करा. पाणी पडण्याचा आवाज थांबला की मशीन पॉज करा आणि ड्रॉवर हळूच बाहेर ओढा. जो कप्पा चांगला भिजलेला दिसेल तो मुख्य धुलाईचा. एकदा कळले की न पुसणाऱ्या मार्करने ड्रॉवरच्या कडेवर ‘पावडर’ असे लिहून टाका. घरात चार माणसे मशीन लावत असतील, तर या एका शब्दाने अर्धे प्रश्न मिटतात.

सावध: पाणी पडत असताना ड्रॉवर ओढू नका. छतातल्या धारा थेट पुढे येतात आणि खालच्या बटणांच्या पट्टीवर पाणी जाते.

काही नव्या मशीनमध्ये एक रेघेचा कप्पाच नसतो, दोनच कप्पे असतात. अशा मशीनला प्री-वॉशचा पर्याय दिलेला असेल, तर त्याची पावडर कुठे घालायची ते पुस्तिकेत पाहा. काहींत ती थेट ड्रममध्ये घालायला सांगितलेली असते.

## टप्पा २: प्री-वॉश हवे की नको, हे पावडर घालण्याआधी ठरवा

बहुतेक घरांत हे उलट्या क्रमाने होते. आधी सवयीने दोन्ही कप्प्यांत पावडर घातली जाते, मग प्रोग्रॅम निवडला जातो. प्री-वॉश लागले नाही, तर एक रेघेच्या कप्प्यातली पावडर तशीच बसते. पुढच्या खेपेस तिच्यावर आणखी पावडर पडते. पावसाळ्यात ती दमटपणाने दगडासारखी होते.

रोजच्या कपड्यांना, म्हणजे ऑफिसचे शर्ट, साड्या, घरातले कपडे, चादरी, प्री-वॉश लागत नाही. चिखलाने माखलेले गणवेश, शेतातून किंवा बांधकामावरून आलेले कपडे, गॅरेजचे कपडे, बाळाची मळलेली दुपटी यांना ते उपयोगी पडते. त्यात एक पाणी आणि सुमारे अर्धा तास जास्त जातो, तेव्हा विनाकारण लावू नका.

ठरवले की आधी प्रोग्रॅम निवडा. मग Pre Wash हे बटण दाबा आणि त्याचा दिवा लागला का ते बघा. झटपट धुलाईच्या, पंधरा-तीस मिनिटांच्या प्रोग्रॅमवर, तसेच लोकर आणि नाजूक कपड्यांच्या प्रोग्रॅमवर हे बटण बहुधा चालत नाही. दिवा लागत नसेल तर प्री-वॉश होणार नाही, मग एक रेघेचा कप्पा रिकामाच ठेवायचा.

नियम एवढाच: दिवा लागला तरच एक रेघेच्या कप्प्यात पावडर.

## टप्पा ३: मुख्य धुलाईचा कप्पा भरा

रोजच्या धुण्यात भरायचा असा खरा हाच कप्पा. प्री-वॉश नसेल, तर सगळी पावडर किंवा सगळे लिक्विड दोन रेघांच्या कप्प्यात.

पावडर फ्रंट लोडची घ्या. बादलीत भिजवण्याची पावडर भरपूर फेस करते. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये पाणी थोडे असते आणि कपडे वरून खाली आपटून धुतले जातात. फेसाची गादी झाली की ते आपटणे मऊ पडते, म्हणजे साबण जास्त आणि धुलाई कमी. मशीनला फेस कळला की ते थांबून थांबून जास्तीचे पाणी घेते आणि घड्याळातली मिनिटे पुढे सरकत नाहीत.

लिक्विड वापरत असाल तर त्या छोट्या फळीकडे लक्ष द्या. मुख्य कप्प्याचा तळ मागच्या बाजूला उघडा आणि उतरता असतो. पावडर ढिगासारखी जागेवर बसते, पण लिक्विड घातल्या घातल्या मागे वाहून ड्रममध्ये उतरते. ते अडवण्यासाठी ही फळी किंवा वेगळा छोटा डबा दिलेला असतो. लिक्विडला फळी खाली, पावडरला फळी वर. फळी खाली ठेवून पावडर घातली तर तिच्यामागे ओला लगदा अडकतो आणि धुणे झाल्यावर निम्मी पावडर तिथेच सापडते.

प्री-वॉश नसेल आणि लगेच धुणे लावायचे असेल, तर लिक्विड आधीच खाली उतरले तरी फार बिघडत नाही, पाणी लगेच येते. पण फळी नसलेल्या मशीनमध्ये प्री-वॉश लावून दोन रेघांच्या कप्प्यात लिक्विड घातले, तर ते प्री-वॉशच्या पाण्यातच मिसळते आणि गटारात जाते. मग मुख्य धुलाई साध्या पाण्याने होते. कपडे ओले होतात, फिरतात, पिळून निघतात आणि वास तसाच राहतो. कप्पा बरोबर निवडूनही ही चूक होते, म्हणून ती कोणाच्या ध्यानात येत नाही. रात्री धुणे भरून सकाळी सुरू होईल असे लावून ठेवतानाही हेच. लिक्विड रात्रभर कपड्यांच्या एकाच भागावर मुरत राहते. या दोन्ही वेळी मुख्य कप्प्यात पावडर घाला.

ड्रममध्ये टाकायच्या साबणाच्या कॅप्सूललाही हाच हिशेब लागतो. प्री-वॉश लावले की कॅप्सूल पहिल्याच पाण्यात विरघळते आणि वाया जाते. कॅप्सूल वापरायची असेल तर प्री-वॉश बंद.

## टप्पा ४: प्री-वॉशचा कप्पा भरा, पण दिवा लागला असेल तरच

पाकिटावर जास्त मळलेल्या कपड्यांसाठी जे माप दिले आहे, त्याचे तीन भाग करा. एक भाग एक रेघेच्या कप्प्यात, दोन भाग दोन रेघांच्या कप्प्यात. पहिल्या पाण्याचे काम सुटा मळ, माती आणि घाम काढून टाकण्याचे असते, त्याला एवढी पावडर पुरते. दोन्ही कप्प्यांत पूर्ण माप घातले तर पावडर दुप्पट होते आणि खळबळण्याची पाणी कमी पडतात.

इथेही पावडरच बरी, कारण या कप्प्याला लिक्विड अडवायला काही नसते.

एक ताळा करून पाहा. पहिल्या पाण्याचा आवाज येतो तेव्हा काचेतून आत बघा. काही मिनिटांत पाणी गढूळ व्हायला हवे आणि थोडा फेस दिसायला हवा. फेस अजिबात नसेल तर पावडर चुकीच्या कप्प्यात आहे.

## टप्पा ५: सॉफ्टनर, सगळ्यात जास्त चुका होणारा कप्पा

सॉफ्टनर फुलाच्या कप्प्यात, ‘मॅक्स’च्या रेघेखाली. ही रेघ का पाळायची, हे त्या टोपीखालच्या नळीत आहे.

सायफन म्हणजे काय ते आपण लहानपणी टाकीतून नळीने पाणी काढताना पाहिलेले असते. एकदा धार लागली की भांडे रिकामे होईपर्यंत ती तुटत नाही. या कप्प्यात तेच होते. टोपी आणि उभी नळी मिळून सायफन तयार होतो. पातळी नळीच्या टोकाखाली आहे तोवर सॉफ्टनर तासभर जागचा हलत नाही. शेवटच्या पाण्याच्या वेळी छतातून पाणी पडते, पातळी नळीच्या वर जाते, धार लागते आणि अख्खा कप्पा एका दमात खाली उतरतो.

आता तुम्ही घालतानाच रेघ ओलांडली, तर धार तेव्हाच लागते. सॉफ्टनर धुलाईच्या आधीच ड्रममध्ये जातो आणि कप्पा रिकामा होतो. बाई म्हणतात, ‘बघा, लगेच ओढून घेतले’, आणि शेवटच्या पाण्याला कप्प्यात काहीच उरलेले नसते. कपड्यांना वास लागत नाही म्हणून पुढच्या वेळी त्या आणखी जास्त घालतात.

घट्ट सॉफ्टनर असेल तर तेवढेच पाणी घालून वाटीत ढवळा आणि मग ओता. घट्टच ओतला तर तो टोपीखाली साचून राहतो आणि आठवड्याभरात त्याची जेली होते. ओतून झाल्यावर ड्रॉवर सावकाश बंद करा. धाडकन लोटला तर हिसक्याने पातळी नळीवर चढते आणि रेघ पाळूनही सायफन सुटतो.

टॉवेल आणि पंच्यांना सॉफ्टनर घालू नका. धाग्यांवर त्याचा पातळ थर बसतो आणि ते पाणी टिपत नाहीत. खेळाच्या कपड्यांचे आणि मायक्रोफायबरच्या फडक्यांचेही तसेच.

नीळ या कप्प्यात घालणारी बरीच घरे मी पाहिली आहेत. वेळ बरोबर असते, कारण नीळ शेवटच्या पाण्यालाच द्यायची असते. पण कप्प्यात नीळ थोडी मागे राहते आणि पुढच्या धुण्यात पिवळ्या किंवा फिक्या कपड्यांवर तिचे ठिपके पडतात. पांढरे कपडे मशीनमधून काढून बादलीत नीळ द्यावी, हे माझे मत. स्टार्चही बादलीतच, त्याने नळी बुजते.

सायफन चालतो का, हे तपासा: ड्रॉवर काढून बादलीवर सपाट धरा. फुलाच्या कप्प्यात रेघेपर्यंत पाणी ओता. ते थांबून राहिले पाहिजे. मग आणखी थोडे ओता. आता ते खालून सुटून तळापर्यंत उतरले पाहिजे. तळाला चमचाभर पाणी उरते, ते चालते. पाणी काठावरून सांडले पण खालून सुटले नाही, तर नळी बुजली आहे. खालून सुटले पण नळीच्या टोकापर्यंत पाणी तसेच राहिले, तर टोपी नीट बसलेली नाही.

## अदलाबदल झाली तर नेमके काय होते

साबण फुलाच्या कप्प्यात. सगळ्यात वाईट चूक हीच. धुलाई साबणाविना होते आणि साबण शेवटच्या पाण्यात येतो, त्यानंतर तो काढायला पाणी नाही. कपडे साबणासकट पिळले जातात. वाळल्यावर ते कडक लागतात, काळ्या कपड्यांवर पांढरी भुकटी दिसते, आणि गळ्यापाशी, काखेत, इलास्टिकच्या जागी खाज सुटते. लहान मुलांना पुरळ उठते आणि घरचे लोक पावडर बदलत बसतात. लिक्विड असेल तर ते निदान सुटते. पावडर नळीपाशी घट्ट बसते, सायफन बंद पडतो आणि मग कप्प्यात कायम पाणी साचलेले दिसते.

सॉफ्टनर मुख्य कप्प्यात. साबणातले मळ काढणारे रेणू ऋण भाराचे असतात, तर सॉफ्टनरमधले कपड्याला चिकटणारे रेणू धन भाराचे. एका पाण्यात आले की ते एकमेकांनाच धरतात आणि मेणचट साका तयार होतो. साबणाची ताकद जाते, सॉफ्टनर कपड्यावर बसत नाही आणि तो मेणचट थर शर्टांवर तेलकट डागांसारखा उमटतो. डाग कशाचा, असा प्रश्न पडला तर आठवा: स्वयंपाकाच्या तेलाचा डाग एका ठिकाणी असतो, हे डाग पाठीवर, बाहीवर, कुठेही पसरलेले असतात. हाच थर ड्रमच्या मागे आणि दाराच्या रबरातही बसतो. काही महिन्यांनी मशीनला कुबट वास येतो, त्यात याचा वाटा असतो.

सॉफ्टनर एक रेघेच्या कप्प्यात. त्या कप्प्याला अडवणूक नसल्याने तो उतरत्या तळावरून हळूहळू खाली झिरपतो आणि मुख्य धुलाईच्या साबणात मिसळतो. परिणाम वरच्यासारखाच. प्री-वॉश लागले असेल तर तो पहिल्या पाण्याबरोबर गटारात जातो, एवढेच बरे.

सगळी पावडर एक रेघेच्या कप्प्यात. प्री-वॉश बंद असेल तर पावडर कोरडी किंवा अर्धवट ओली राहते. प्री-वॉश सुरू असेल तर ती पहिल्या वीस मिनिटांत संपते आणि पुढची लांब धुलाई नुसत्या पाण्याची होते.

## एक धुणे, आरंभापासून अखेरपर्यंत

जुलै महिना, दोन मुलांचे गणवेश, मोजे आणि वडिलांच्या दोन पँट, सगळ्यांना चिखल. मशीन सात किलोचे, कपडे साधारण चार किलो.

आधी कपडे कोरडे असतानाच बाल्कनीत झटकले. वाळलेला चिखल ड्रममध्ये नेण्यात अर्थ नाही. खिसे उलटे केले. कॉटन, ४० अंश निवडले, प्री-वॉशचे बटण दाबले, दिवा लागला. पाकिटावर जास्त मळलेल्या कपड्यांचे माप ९० ग्रॅम आहे असे समजा. त्यातली ३० ग्रॅम एक रेघेच्या कप्प्यात गेली, ६० ग्रॅम दोन रेघांच्या. फळी वर आहे का ते बघितले. ३० मिलिलिटर सॉफ्टनर तेवढ्याच पाण्यात ढवळून फुलाच्या कप्प्यात ओतला, पातळी रेघेच्या खाली राहिली. ड्रॉवर सावकाश लोटला आणि मशीन सुरू केले.

पहिले पाणी चहासारखे गढूळ होऊन गेले. दुसऱ्या पाण्याला फेस आला तो पांढरा. खळबळण्याच्या शेवटच्या पाण्यात काचेवर फेस नव्हता आणि मशीन थांबल्यावर तिन्ही कप्पे रिकामे होते, फुलाच्या कप्प्यात तळाला चमचाभर पाणी तेवढे होते.

हेच धुणे मी एका घरी चुकलेले पाहिले. तिथे नव्वदच्या नव्वद ग्रॅम पावडर उजवीकडच्या एक रेघेच्या कप्प्यात होती आणि प्री-वॉश लागलेले नव्हते. गणवेश तपकिरी राहिले, म्हणून मशीनचा हीटर बिघडला असे त्यांना वाटले होते. ड्रॉवर उघडला तर पावडरची वडी. मी तीच फोडून योग्य कप्प्यात घातली, तेच धुणे पुन्हा लावले आणि कपडे स्वच्छ निघाले.

## टप्पा ६: चूक लक्षात आली, आता काय करायचे

मशीन सुरू केले नसेल तर ड्रॉवर काढा. आतली ‘पुश’ लिहिलेली पट्टी दाबून ओढला की तो पूर्ण हातात येतो. नळाखाली धुवा, पुसा, पुन्हा भरा. चमच्याने उपसत बसू नका, टोपीखाली उरलेला साबण तसा निघत नाही.

मशीन चालू असेल आणि साबण फुलाच्या कप्प्यात गेला असेल, तर घाई नाही, त्या कप्प्याची पाळी शेवटी येते. पॉज करा, पाण्याचा आवाज थांबू द्या आणि ड्रॉवर काढून धुवा. मग साबण बरोबर कप्प्यात घालून प्रोग्रॅम पहिल्यापासून लावा.

साबण शेवटच्या पाण्यात जाऊन कपडे पिळून झाले असतील, तर नुसते खळबळणे आणि पिळणे, म्हणजे Rinse + Spin, दोनदा लावा. सॉफ्टनर घालू नका. दुसऱ्या खेपेच्या अखेरीस काचेवर फेस दिसला तर तिसऱ्यांदा. कपडे तसेच वाळत घालून इस्त्री केली तर साबणाचे पिवळट डाग पक्के होतात.

सॉफ्टनर साबणात मिसळला असेल तर कपडे वाळू न देता, सॉफ्टनरविना, साबणाच्या नेहमीच्या मापाने पुन्हा धुवा. कापडाला चालत असेल तर ४० अंशांवर. तेलकट डाग उरले तर ओल्या डागावर साबणाची वडी किंवा भांड्यांच्या लिक्विडचा थेंब चोळा, दहा मिनिटे ठेवा आणि कोमट पाण्याने धुवा.

## कप्पे बरोबर असूनही पावडर राहते तेव्हा

मग पाण्याकडे पाहा. मशीनला पाण्याचा ठरावीक किमान दाब लागतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची टाकी डोक्यावर जेमतेम असते, तेव्हा छतातून धारा न पडता नुसते ठिबकते. मुख्य कप्प्यात मागच्या कोपऱ्यात ओली पावडर उरली तर ही खूण समजा. ती उरलेली पावडर खळबळण्याच्या पाण्याबरोबर थोडी थोडी जाते आणि कपड्यांवर बसते, म्हणजे तक्रार पुन्हा पांढऱ्या पट्ट्यांचीच.

नळ बंद करून मशीनच्या मागची पाण्याची नळी सोडवा. व्हॉल्व्हच्या तोंडाशी छोटी जाळी असते, ती पक्कडने हळू ओढून टूथब्रशने घासा. बोअरचे पाणी असेल तर तिच्यात वाळू आणि क्षार सापडतात. क्षार छताच्या भोकांतही बसतात, तिथेही ब्रश फिरवा. भोके बुजली की धारा तिरक्या पडतात आणि पाणी शेजारच्या कप्प्यात जाते. त्यामुळे सॉफ्टनर वेळेआधीच सुटतो आणि दोष सॉफ्टनरवर येतो.

ड्रॉवर पंधरा दिवसांनी एकदा काढून कोमट पाण्याने धुवा, टोपी वेगळी काढून तिच्या आतून ब्रश फिरवा. टोपी परत बसवताना ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबा. धुणे झाल्यावर ड्रॉवर दोन बोटे उघडा ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर खोबणीच्या छताला काळी बुरशी धरते आणि तिचे कण पाण्याबरोबर कपड्यांवर येतात.

एवढे करूनही मुख्य कप्प्यात पाणीच पडत नसेल, किंवा प्री-वॉश बंद असताना पाणी एक रेघेच्या कप्प्यात पडत असेल, तर व्हॉल्व्ह किंवा त्याची वायर तपासायला माणूस बोलवा. बोलावताना कोणत्या टप्प्याला कोणता कप्पा भिजतो हे सांगा, त्याला योग्य व्हॉल्व्ह सोबत आणता येतो.